रवी-शनी वैरी, म्हणून नवऱ्याशी पटणार नाही?

“मॅडम, माझं सिंह लग्न. लग्नेश रवी, सप्तमेश शनी, दोघे हाडवैरी. नवऱ्याशी तुझं जन्मात पटणार नाही, असं एकांनी सांगितलंय. पण गुणमिलनात ग्रहमैत्रीचे 5 पैकी 5 आलेत. खरं कोणतं धरायचं?”

ही मुलगी आईसोबत नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या खोलीत आली, तेव्हा साखरपुड्याला तीन आठवडे उरले होते. दोघींची झोप उडाली होती. आईने पत्रिका पुढे सरकवली आणि म्हणाली, “पाहा बाई, पोरगी धड जेवत नाही चार दिवस झाले.” (ओळख पटेल असे तपशील मी इथे गाळले आहेत. पत्रिका आहे तशी ठेवली आहे.)

आधी गुणमिलनाचा गुंता सोडवला. तिथली ग्रहमैत्री दोन पत्रिकांमधली असते, आणि ती फक्त चंद्रराशींच्या स्वामींची. हिची रास कन्या, मुलाची मिथुन. दोन्हींचा स्वामी बुधच, म्हणून पूर्ण 5 गुण मिळाले. लग्नेश म्हणजे लग्नाचा, जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीचा स्वामी, आणि सप्तमेश म्हणजे तिथून सातव्या, जोडीदाराच्या स्थानाचा स्वामी; या दोघांची मैत्री मात्र एकाच पत्रिकेत पाहायची असते. मी आणि माझा जोडीदार हे नातं मी आतून कसं अनुभवणार, ते त्यातून दिसतं. ही दोन मापं वेगळी आहेत. एकाने दुसरं खोडून निघत नाही.

मग त्या ‘हाडवैरा’कडे वळले. मी कागदावर बाराही लग्नं मांडली आणि तिलाच लग्नेश-सप्तमेशाच्या जोड्या लिहायला सांगितल्या. मेष, वृषभ, तूळ, वृश्चिक या चौघांना मंगळ आणि शुक्र ही जोडी येते. ते एकमेकांना सम, म्हणजे ना मित्र ना शत्रू, आहेत. मिथुन, कन्या, धनु, मीन यांना बुध आणि गुरू. बुध गुरूला सम मानतो, गुरू मात्र बुधाला शत्रू मानतो. कर्क आणि मकर यांना चंद्र आणि शनी. चंद्राला शनी सम, शनीला चंद्र शत्रू. उरले सिंह आणि कुंभ, त्यांना रवी आणि शनी, दोन्हीकडून शत्रुत्व. लिहून झाल्यावर ती थांबली. “म्हणजे एकाही लग्नाला दोन्हीकडून मैत्री नाहीच?”

नाहीच. नैसर्गिक मैत्रीने निकाल द्यायचा तर बारापैकी एकाही लग्नाच्या माणसाचं जोडीदाराशी खरं जमायला नको. शिवाय सिंह लग्न सुमारे दोन तास चालतं. त्या दोन तासांत जन्मलेल्या प्रत्येकाला रवी-शनीचं हेच शत्रुत्व मिळतं, मग कुणाचा संसार सुखाचा असो की दुःखाचा. जे सगळ्यांना सारखंच आहे त्यावरून एकीचं नशीब कसं सांगणार? फरक पडतो तो तात्कालिक मैत्रीने, म्हणजे त्या पत्रिकेत दोघे ग्रह प्रत्यक्ष कुठे बसले आहेत यावरून.

तिचा जन्म नागपूरचा, जानेवारी 1994 च्या पहिल्या आठवड्यातला, रात्री पावणेदहाचा. रवी धनु राशीत, पंचमात. शनी स्वतःच्या कुंभ राशीत, सप्तमातच. नियम असा की एखाद्या ग्रहापासून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या स्थानातला ग्रह त्याचा तात्कालिक मित्र, बाकी ठिकाणचा शत्रू. मोजताना ग्रह बसलेली रास पहिली धरायची. बऱ्याच जणांची चूक इथेच होते, पुढच्या राशीपासून मोजायला घेतात. धनु एक, मकर दोन, कुंभ तीन. रवीपासून शनी तिसरा. उलट मोजलं तर शनीपासून रवी अकरावा. म्हणजे दोन्हीकडून मैत्री. तात्कालिक मैत्री एकतर्फी कधी होतच नाही.

आता दोन्ही एकत्र करायचे. नैसर्गिक शत्रू आणि तात्कालिक मित्र, म्हणून पंचधा मैत्रीत ‘सम’. मी तिला स्पष्ट सांगितलं की हे ‘मित्र’ नाही. रवी-शनीची जोडी यापेक्षा वर जाऊच शकत नाही. पण ते वैरही नाही. त्यातून शनी स्वगृही आणि सप्तमात, जिथे त्याला दिग्बल असतं. तुळेतला गुरू पाचव्या दृष्टीने त्याला पाहतो. सप्तमेश इतका भक्कम असताना केवळ ‘शत्रू’ या शब्दावर पोरीला चार दिवस उपाशी ठेवणं मला फार वाईट वाटलं.

तुलनेला माझ्याकडची दुसरी पत्रिका सांगते. तेही सिंह लग्नच, जन्म त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, सूर्योदयाच्या सुमारास. रवी लग्नात सिंहेत, शनी समोर कुंभेत. एकमेकांपासून सातवे, म्हणून तात्कालिकही शत्रू, आणि पंचधात ‘अधिशत्रू’. या गृहस्थांच्या घरात कुरबुर खरंच आहे. दोन्ही ग्रह आपापल्या घरात बळकट, त्यामुळे माघार कुणीच घेत नाही. बायकोचं प्रत्येक म्हणणं त्यांना आपल्यावरचा अंकुश वाटतं. पण संसार मोडलेला नाही. तिथेही शनीवर तुळेतल्या गुरूची दृष्टी आहे. अधिशत्रू म्हणजे घटस्फोट असं मी कधीच सांगत नाही. घर्षण कुठे होईल, एवढंच ते दाखवतं.

जन्मवेळेचं मी आवर्जून विचारलं. त्या रात्री नागपुरात साधारण पावणेनऊच्या आधी कर्क लग्न होतं आणि पावणेअकरानंतर कन्या. वेळ तासाभराने चुकली असती तर लग्नेश-सप्तमेशाची जोडीच बदलली असती आणि हा सगळा हिशेब वाया गेला असता. दवाखान्याच्या कार्डावर पावणेदहा लिहिलेलं होतं. लग्न मध्यावर, पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने काही बिघडत नव्हतं.

एक बाब लपवली नाही. शुक्र रवीच्या अगदी जवळ, अस्तंगत आहे. प्रेम तोंडाने बोलून दाखवणं या पत्रिकेत कमी पडतं. आणि शनी सप्तमाबरोबर षष्ठाचाही स्वामी आहे, म्हणून नोकरी, कर्ज, आजारपण असल्या गोष्टी नवरा-बायकोच्या बोलण्यात सारख्या येणार.

“मुलगा कसा आहे?” मी विचारलं. ती म्हणाली, “चांगला आहे. पण काही विचारलं की दोन दिवसांनी उत्तर देतो. मला वाटतं, त्याला मी आवडलेच नाही.” हेच तर पत्रिकेत होतं. रवी पटकन ठरवतो, शनी वेळ घेतो, आणि त्या वेळाचा अर्थ रवी नकार असा लावतो. मी तिला एकच काम दिलं: दोन दिवसांनी तो जे सांगतो, ते पाळतो का, हे आठवून सांग.

तिने हॉलची तारीख, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आणि पुण्याची बदली नाकारण्याचं प्रकरण आठवून पाहिलं. तिन्ही वेळा त्याने शब्द पाळला होता.

“शांती करायला सांगितली होती त्यांनी,” आई म्हणाली. रवी-शनीच्या नैसर्गिक शत्रुत्वाला शांती नसते, ते सिंह लग्नाला जन्मभर असतंच, असं मी सांगितलं. त्यांनी पत्रिका घडी घालून पिशवीत ठेवली आणि जाताना मुलीने विचारलं, “त्याला आजच विचारू का, की दोन दिवस थांबू?”

“आज विचार,” मी म्हटलं, “आणि उत्तराला दोन दिवस दे.”