कंपनीला फोन लावायच्या आधी केबल लावून टेस्ट कर

अरे नेट स्लो चालतंय म्हणून मोबाईलवर वायफायने घेतलेली स्पीड टेस्ट दाखवून इंटरनेट कंपनीशी भांडू नकोस, ते सरळ म्हणणार तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे, आणि निम्म्या वेळा ते खरंच असतं. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोड, लॅपटॉपचं वायफाय बंद कर, राउटरचं पण बंद कर म्हणजे टीव्ही, घरच्यांचे मोबाईल सगळे आपोआप सुटतात. विंडोज अपडेट, ड्राइव्हचं सिंक आणि व्हीपीएन पण थांबव, टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा आकडा जवळपास शून्य दिसला की मगच टेस्ट चालू कर.

आता खरी गंमत. माझा प्लॅन २०० Mbps चा, आणि केबलवर दर वेळी ९४ च यायचे, सकाळी पण ९४ रात्री पण ९४. असा एकाच आकड्यावर अडकला ना की लाइनवर शंका घेऊ नकोस, सेटिंग्जमध्ये इथरनेटची Link speed बघ. माझी 100/100 होती, कारण १०० च्या वरच्या गिगाबिट स्पीडला केबलमधल्या आठही तारा लागतात आणि माझ्या क्लिपमध्ये एक सैल होती. केबल बदलली, १९० च्या वर गेलं.

तुझा आकडा मात्र वेळेनुसार हलत असेल तर सकाळी ७, दुपारी ३, रात्री १० अशा तीन-तीन टेस्ट चार दिवस घे, सर्व्हर दर वेळी तोच ठेव, आणि पिंगसकट लिहून ठेव. सकाळी पूर्ण आणि फक्त रात्रीच पडत असेल तर बहुतेक त्यांच्याकडे गर्दी आहे, तेव्हा तो कागद घेऊन भांड.