१२०० चा आकडा चौदा वर्षांच्या मुलीचा नाही

*“ताई, आम्ही लातूरला असतो. मुलगी चौदाची, नववीत आहे. उंची १५२ सेंटीमीटर, वजन ५५ किलो होतं. एका लग्नात आत्याने सगळ्यांसमोर ‘किती सुटलीस गं’ म्हटलं, तेव्हापासून ती मोबाईलवर कॅलरी मोजते. दिवसाला १२०० च्या वर जात नाही. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि काकडी, रात्री वाटीभर वरण. अडीच महिन्यांत चार किलो उतरले. आधी मीही कौतुक केलं. आता दोन महिने पाळी आली नाही, केस गळतात, रात्री अकराला फरसाणाचा डबा घेऊन बसते आणि मग रडते. तिला रोज किती कॅलरी द्याव्यात?” – एक आई*

ताई, पहिलं काम दवाखान्याचं, आणि ते याच आठवड्यात करा. पाळी सुरू होऊन एक-दोन वर्षंच झालेल्या मुलीची पाळी दीड महिन्यापर्यंत मागेपुढे होऊ शकते. पण वजन झपाट्याने उतरलंय आणि पाळी थांबलीय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तीन महिने पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. बालरोगतज्ज्ञांकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. नाडी, झोपून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब आणि हिमोग्लोबिन एवढं तरी बघायला सांगा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेणं, यातलं काही दिसलं तर आठवडाही थांबू नका. सरकारी रुग्णालयात बऱ्याच ठिकाणी किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथेही विचारता येईल.

आता तुमचा प्रश्न. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या तक्त्यात १३ ते १५ वर्षांच्या मुलीची रोजची सरासरी गरज सुमारे २४०० कॅलरी दिली आहे. बैठं काम करणाऱ्या मोठ्या बाईची १६६० च्या आसपास आहे. म्हणजे तुमची लेक तुमच्यापेक्षाही कमी खाऊन वाढायचा प्रयत्न करतेय. १२०० हा आकडा वाढ थांबलेल्या माणसांच्या आहारातून आलेला आहे. मात्र त्याच्या जागी मी तुम्हाला २४०० चा आकडा मोजायला देणार नाही. मोजणं हाच तिचा त्रास झालाय.

शरीराला गरजेपेक्षा बरंच कमी मिळालं की ते आधी जगण्यापुरतं सांभाळतं आणि बाकीचं लांबणीवर टाकतं. मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारे इशारे मंदावतात, म्हणून पाळी थांबते. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडात कॅल्शियम बसणंही मंदावतं, आणि मुलींचं बहुतेक हाड अठराव्या वर्षापर्यंतच तयार होतं. फुलोऱ्यातल्या सोयाबीनचं पाणी तोडलं, तर नंतर कितीही पाऊस झाला तरी शेंग तेवढी भरत नाही, तसंच हे आहे. आणि रात्रीचं फरसाण हा तिच्या मनाचा कमकुवतपणा नाही. दिवसभर उपाशी राहिलेलं शरीर रात्री सगळ्यात पटकन ताकद देणारं तेलकट-खारट मागतं. ती खाते, मग अपराधी वाटतं, दुसऱ्या दिवशी आणखी कमी खाते आणि रात्री पुन्हा डबा उघडतो. डबा लपवून हे चक्र थांबत नाही, सकाळचं पोट भरलं की थांबतं.

वजनाचं म्हणाल, तर सुरुवातीला तिचा बीएमआय २३.८ होता. तो मोठ्यांच्या मापाने बघू नका. बालरोगतज्ज्ञांकडे मुलींचा वयानुसार वेगळा आलेख असतो, तो उघडून दाखवायला सांगा. वयात येताना मुलीच्या कमरेभोवती, मांड्यांवर चरबी येणं हे वाढीचंच काम आहे. वजन वयाच्या मानाने जास्त भरलं, तरी बहुतेक वाढत्या मुलांत ते उतरवत नाहीत, उंचीला पुढे जाऊ देतात. ५५ किलोवरच ती तीन सेंटीमीटर वाढली असती, तर बीएमआय आपोआप २२.९ झाला असता. आता उतरलेल्या चार किलोंपैकी काही परत येतील, पाळी परत यायला ते यावेच लागतात. तेव्हा घाबरू नका आणि तिच्यासमोर चेहरा पाडू नका. मानेवर, काखेत काळपट मखमली कातडी दिसत असेल, तर साखरही तपासून घ्या. काही मुलांना वैद्यकीय कारणाने वजन कमी करावं लागतं, पण तेही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या नजरेखाली, मोबाईलच्या नाही.

घरात काय बदलायचं? काय, कधी आणि कुठे खायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे तिला ठरवू द्या. सकाळी क्लासला जाण्याआधी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. दूध आणि केळं, किंवा धपाटं-दही, किंवा शेंगदाणे घातलेला सुशीला. इतके दिवस सकाळी काही न खाणाऱ्या मुलीला पहिल्या आठवड्यात भूकच लागणार नाही, मळमळेल. म्हणून अर्धं धपाटं आणि चार चमचे दह्याने सुरू करा, आठ-दहा दिवसांत पूर्ण धपाट्यावर या. दुपारच्या डब्यात भाकरी, डाळ किंवा मटकी, एक भाजी, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी. सगळ्यात जास्त चुकतो तो संध्याकाळचा पाच-सहाचा घास. फुटाणे-गूळ, उकडलेलं अंडं किंवा उकडलेल्या शेंगा तेव्हा मिळाल्या, की रात्री अकराची भूक पुष्कळ कमी होते. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र बसून करा, टीव्ही बंद ठेवून. तिच्यासाठी वेगळं ‘डाएटचं’ काही शिजवू नका. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी मिळत असेल, तर ती जेवणानंतर घेऊ द्या.

हालचाल या वयात रोज तासभर हवी, पण डॉक्टरांनी नाडी आणि रक्तदाब ठीक आहे म्हटल्यावरच, आणि पोट रिकामं असताना नाही. एकदम तास नको. क्लासला चालत किंवा सायकलवर वीस मिनिटं, तेवढंच परत, आणि संध्याकाळी वीस मिनिटं खो-खो किंवा मैत्रिणींबरोबर खेळ. आठवड्यातून तीनदा दोरीवरच्या उड्या, हाडांना असा धक्काच घट्ट करतो. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडे सकाळी साडेसातच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच. ‘किती जळलं’ हा हिशोब मात्र खेळातही आणू नका. झोप आठ तासांच्या खाली गेली तर भूक बिघडते, म्हणून क्लासची सकाळची वेळ लवकरची असेल तर रात्रीचा अभ्यास आटोपता घ्या.

फोन हिसकावू नका. “तुझी पाळी थांबली, म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत मोजणं बंद ठेवू,” एवढंच सांगा. मोजणं बंद केल्यावर ती फार अस्वस्थ झाली, चिडली, रडली, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण मग समुपदेशकाची मदत लागेल. वजनकाटा खोलीतून हलवा. वजन महिन्यातून एकदा दवाखान्यात, हवं तर काट्याकडे पाठ करून. आणि आत्याबाईंना फोन करून तिच्या शरीराबद्दल, चांगलंही आणि वाईटही, काही बोलू नका असं स्पष्ट सांगा. वडिलांनाही सांगा. तुम्ही केलेलं कौतुक तिच्या लक्षात आहे, तेव्हा “मी बारीक झालीस म्हणाले ते चुकलं,” हे तिच्याजवळ बसून तुम्हीच म्हणा.

सहा आठवड्यांनी बघायचं ते वजन नव्हे. सकाळी भूक लागते का, शेवटच्या तासाला पेंगते का, मैत्रिणींबरोबर बाहेर खाते का, हे बघा. पाळीला यापेक्षा उशीर लागू शकतो, काही महिनेसुद्धा, आणि केस गळणं तर सगळ्यात शेवटी थांबतं. पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला तो कागद सोबत न्या.