कायम करण्याच्या पत्रातल्या तारखा

प्रिय,

प्रोबेशन संपलेल्या तुमच्या त्या कर्मचाऱ्याला कायम करण्याच्या पत्राचा तुझा मसुदा परवा मिळाला. तू दोनच गोष्टी विचारल्यास: भाषा बरी आहे का, आणि उशीर झालाच आहे तर पत्रावर 24 जुलैऐवजी 10 जुलै ही तारीख टाकली तर चालेल का. भाषेकडे नंतर येते. तारखेचं उत्तर 'नाही' आहे, आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या पत्रात जे काही बिघडतं ते बहुतेक तारखांपाशीच बिघडतं.

पत्रावर एक तारीख असते ती पत्र लिहिल्याची. ती खरी असायलाच हवी. त्या दिवशी पत्र निघालं, सही झाली, नोंद झाली. दुसरी तारीख असते कायम झाल्याची, आणि ती मजकुरात येते. पत्र 24 जुलैचं असून 'दिनांक 10 जुलैपासून' कायम केलं म्हणायला काहीच हरकत नाही. साहेबांचा अभिप्राय उशिरा आला, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण पत्रावरच मागची तारीख टाकलीस आणि अभिप्रायावर 21 जुलैची सही असली, की फाइल उघडणाऱ्या कुणालाही दिसेल की निर्णयाआधीच पत्र निघालं होतं. मग त्या फाइलमधल्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता 10 जुलै ही तारीख तू कुठून आणलीस ते तपासलंस का? तो कर्मचारी रुजू झाला 10 जानेवारीला. नेमणूकपत्रात 'सहा महिने' असेल तर प्रोबेशन 9 जुलैला संपतं आणि 10 जुलैपासून तो कायम. पण तिथे '180 दिवस' लिहिलेलं असेल, तर 10 जानेवारी हा पहिला दिवस धरून 180वा दिवस 8 जुलैला येतो, लीप वर्ष असेल तर 7 जुलैला. सहा महिने म्हणजे 180 दिवस असं आपण बोलताना धरतो, पण कागद तसं धरत नाही. बिनपगारी रजा झाली असेल तर तेवढे दिवस प्रोबेशन पुढे सरकेल, असंही कलम काही ठिकाणी असतं. म्हणून नेमणूकपत्र शेजारी उघडं ठेवल्याशिवाय हे पत्र लिहायला बसूच नकोस.

त्याच नेमणूकपत्रात आणखी एक ओळ शोध: मुदत संपली आणि कुणी काहीच कळवलं नाही, तर काय? काही नेमणूकपत्रांत 'लेखी कळवेपर्यंत प्रोबेशन चालू राहील' असं असतं, काहींत मुदत संपली की माणूस आपोआप कायम होतो. काहींत याबद्दल एक अक्षरही नसतं, आणि मग तिथला कायदा काय म्हणतो ते पाहावं लागतं. 10 ते 24 जुलै या पंधरवड्यात तो नेमका कोण होता, हे त्या ओळीवर ठरतं.

हा मुद्दा मी का ताणतेय ते सांगते. या कामात मी नवी होते तेव्हा एक कन्फर्मेशन लेटर माझ्या हातून असं गेलं की त्यात 'आपणास सेवेत कायम करण्यात येत आहे' एवढंच होतं. कधीपासून, ते नव्हतंच. पत्र महिन्याच्या 15 तारखेला गेलं, प्रोबेशन संपलं होतं 1 तारखेला, आणि त्या बाईंनी राजीनामा दिला होता 12 तारखेला. राजीनाम्याचा कागद साहेबांच्या टेबलावरच राहिला होता, माझ्यापर्यंत आलाच नव्हता. त्यांच्या मते त्या प्रोबेशनवर होत्या, म्हणून नोटीस पंधरा दिवसांची. साहेबांच्या मते त्या 1 तारखेलाच कायम झाल्या होत्या, म्हणून नोटीस दोन महिन्यांची. माझं पत्र दोघांनाही आपल्या बाजूने वाचता येत होतं. शेवटी मधलं काहीतरी ठरलं, पण शेवटच्या दिवसापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चूक माझी होती, त्यामुळे रागही रास्त होता.

नोटीस पीरियड निघालाच आहे तर तुझ्या मसुद्यातली ती ओळ बघू. तू लिहिलंस, 'यापुढे आपणांस 60 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागेल.' नेमणूकपत्रात 'दोन महिने' आहे. एकच तर आहे, असं तुला वाटलं असणार. 1 जुलैपासून मोजलं तर दोन महिने 31 ऑगस्टला संपतात, म्हणजे 62 दिवस. 1 फेब्रुवारीपासून मोजलं तर 31 मार्चला, साध्या वर्षी 59 दिवस. दोन कागदांवर दोन आकडे असले की जाणारा माणूस कमी दिवसांचा कागद दाखवतो, आणि कंपनी जास्त दिवसांचा. नेमणूकपत्रातलाच शब्द जसाच्या तसा उचल. शिवाय तुझ्या ओळीत नोटीस फक्त त्याने द्यायची आहे. मूळ कलम दोन्ही बाजूंना लागू आहे. तू मुद्दाम वगळलं नाहीस हे मला ठाऊक आहे, त्याला मात्र कसं कळणार?

पगाराचं वाक्य तू छान लिहिलंस, पण अर्धंच. 'पगार 31,000 वरून 34,100 करण्यात येत आहे.' कधीपासून? कायम झाल्याच्या तारखेपासून, की पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून? दोन्ही पद्धती चालतात, तुमच्याकडची कुठली ते विचारून घे. 10 जुलैपासून असेल तर जुलैचे 22 दिवस नव्या दराचे. महिन्याचा फरक 3,100. त्याला 31 ने भागून 22 ने गुणलं की 2,200 येतात. तुमचा पगार विभाग प्रत्येक महिना 30 दिवसांचा धरत असेल तर तीच रक्कम 2,273 च्या आसपास जाते. आकडा लहान आहे, पण पत्रात एक आणि पगारपत्रकात दुसरा दिसला की माणूस बाकीचे सगळे आकडे तपासायला लागतो. म्हणून पत्रात हिशोब मांडू नकोस. तारीख लिही आणि फरक कुठल्या महिन्यात मिळेल ते लिही.

जुलैच्या पगाराच्या नोंदी 20 तारखेला बंद झाल्या, म्हणजे फरक ऑगस्टच्या पगारात येणार. ऑगस्टला त्याच्या नावावर 36,300 दिसतील आणि सप्टेंबरला 34,100. दर वेळी कुणीतरी सप्टेंबरमध्ये पगार कमी का झाला म्हणून विचारायला येतोच. एका वाक्याने तो हेलपाटा वाचतो. हे आकडे कपातीपूर्वीचे आहेत, हेही लिही.

संध्याकाळच्या पाळीची अट मात्र या पत्रातून काढ. साहेबांनी 'त्यातच टाकून दे' म्हटलं असेल, ते मी समजू शकते. पण नोटीस आणि पगारवाढ यांचा उल्लेख नेमणूकपत्रात आधीच होता. पाळीचा नव्हता. ती नवी अट आहे आणि ती त्याला गैरसोयीची आहे. आनंदाच्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात ती सरकवली तर त्याने न वाचताच सही केली असं होईल, आणि वेळ आली की अशी संमती टिकवणं अवघड जातं. वेगळा कागद, वेगळं बोलणं, वेगळी सही. साहेब कुरकुरतील, कुरकुरू देत.

बाकीच्या अटी पुन्हा लिहू नकोस. रजा, गोपनीयता, कामाचे तास हे सगळं तू दीड पानभर उतरवलंस. एका ठिकाणी रजेचा आकडाही चुकला आहे. जे बदललं तेवढं लिहायचं आणि उरलेलं नेमणूकपत्रावर सोडायचं.

आता शेवटचा परिच्छेद, ज्यावर तू सर्वांत जास्त मेहनत घेतलीस. 'आपले भविष्य उज्ज्वल असून लवकरच आपण वरिष्ठ पदावर दिसाल याची खात्री आहे.' खात्री कुणाला आहे? पत्राखाली सही कंपनीची आहे, म्हणजे कंपनीला. दीड वर्षाने तो हे पत्र घेऊन आला तर काय सांगशील? आणि त्या ओळीत त्याच्याबद्दल काहीच नाही, ती कुणालाही लिहिता येते. अभिप्रायात साहेबांनी लिहिलंय की पुरवठादारांच्या खात्यांतल्या जुन्या, न जुळणाऱ्या नोंदी त्याने चार महिन्यांत 140 वरून 12 वर आणल्या. हे लिही ना! वाचताना त्याला कळेल की कुणीतरी पाहत होतं.

पुढे काय शिकावं तेही लिही, पण 'येत्या सहा महिन्यांत अपेक्षित प्रगती दिसणे आवश्यक' असं नको. ते वाचून त्याला वाटेल, पुन्हा प्रोबेशन सुरू झालं. अडचण आली की तो वेळेवर सांगत नाही, ही साहेबांची तक्रार खरी असेल, तरी ती समोर बसून बोलायची आहे, पत्रात नाही.

तुझ्या मसुद्यावरून मी असं केलं आहे:

'दिनांक 10 जानेवारीच्या आपल्या नेमणूकपत्रास अनुसरून कळविण्यात येते की, आपला परिवीक्षा कालावधी 9 जुलै रोजी समाधानकारकरीत्या पूर्ण झाला असून 10 जुलैपासून आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे. आपली सेवा रुजू झाल्याच्या दिनांकापासूनच मोजली जाईल. 10 जुलैपासून आपले मासिक वेतन कपातीपूर्वी 34,100 राहील. जुलैमधील फरक ऑगस्टच्या वेतनासोबत एकदाच दिला जाईल. याच दिनांकापासून पूर्वसूचनेचा कालावधी, नेमणूकपत्रात नमूद केल्याप्रमाणे, दोन्ही बाजूंसाठी दोन महिने राहील. इतर सर्व अटी पूर्ववत राहतील. पुरवठादारांच्या खात्यांतील जुन्या नोंदी आपण ज्या चिकाटीने मार्गी लावल्या, त्याची नोंद विभागाने घेतली आहे. महिनाअखेरचे खाते बंद करण्याचे काम आपण पुढील काळात स्वतंत्रपणे हाताळायला शिकावे अशी इच्छा आहे. त्यासाठी वरिष्ठ सहकारी आपल्यासोबत बसतील.'

तारखांपुढे वर्ष घालायला विसरू नकोस. आणि 'वरिष्ठ सहकारी सोबत बसतील' हे वाक्य त्या सहकाऱ्याला विचारूनच ठेव. तो नाही म्हणाला तर काढून टाक.

दोन प्रती काढ. एकीवर 'मिळाले, वाचले, मान्य' अशी त्याची सही आणि तारीख घे आणि ती फाइलला लाव. पत्र नुसतं टेबलावर ठेवून येऊ नकोस. त्याला बसव, पगाराची आणि नोटिशीची ओळ वाचून दाखव, आणि सही घेण्याआधी त्याला एक दिवस घरी नेऊ दे.

नेमणूकपत्राची प्रत सोबत जोडून मसुदा पुन्हा पाठव. ते 180 दिवस आहेत की सहा महिने, ते मला स्वतःला पाहायचं आहे.

तुझी,
ताई