एका चुकीच्या टिकने स्टॉपलॉस उडतो, काय करू?

प्रश्न: पणजीत घरून अल्गो चालवतो. एखादी भलतीच टिक येते आणि सिग्नल सुटतो. रोलिंग मीडियनने गाळता येईल का?

उत्तर: येईल, शेवटच्या 5 टिकांचा मीडियन पुरतो. समजा 412.10, 412.15, 412.05, 412.20 नंतर अचानक 398.00 आली. सरासरी घसरून 409.30 होते, मीडियन मात्र 412.10 वरच राहतो. नवी टिक मीडियनपासून ठरावीक अंतराबाहेर असेल तर सिग्नलला देऊ नका, पण त्या 5 टिकांच्या खिडकीतून काढूही नका. मी आधी गाळलेल्याच टिकांवर मीडियन काढायचो. भाव खरोखर पडला तेव्हा फिल्टर जुन्याच भावाला चिकटून बसला. कच्च्या टिका ठेवल्या, तर नव्या पातळीवरच्या तिसऱ्या टिकेला मीडियन आपोआप सरकतो. खऱ्या पडझडीत तेवढा उशीर मात्र सोसावा लागतो, म्हणून टिका विरळ येणाऱ्या, कमी उलाढालीच्या शेअरला हे जपूनच लावा.