फोटो गेला, पण मुदत अजून हातात आहे

*प्रश्न: 28 ऑक्टोबर 2021 ला पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा घेतला. बेडरूमच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा बिल्डरच्या सुपरवायझरला तोंडी सांगितलं. त्याने पुट्टी भरून दिली. आता तडा पुन्हा उघडलाय. जुने फोटो बंद पडलेल्या मोबाइलमध्ये गेले. इमारतीला धोका असेल का? पावसाळ्यानंतर तक्रार केली तर चालेल?*

थांबू नका. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या निदर्शनास आणावा लागतो, आणि मग त्याने तो 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. तुमची मुदत 28 ऑक्टोबर 2026 ला संपते. सुपरवायझरशी झालेलं बोलणं बिल्डर उद्या नाकारेल, आणि तुमच्याकडे एक ओळही लेखी नाही. पुट्टी भरली त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाकायला हवा होता.

बिल्डरला आता लेखी नोटीस द्या. तिला फोटोची अट नाही. तडा शब्दांत असा लिहा, की न पाहिलेल्या इंजिनिअरला तो कागदावर काढता यावा. ‘भिंतीला मोठा तडा’ यातून काहीच कळत नाही. असं लिहा: ‘बेडरूमची बाहेरची भिंत, आतून भिंतीकडे तोंड करून पाहताना. खिडकीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून, जमिनीपासून 212 सेंमीवर सुरू होऊन, उजवीकडे तिरका वर जात बीमच्या तळाला टेकतो. लांबी 52 सेंमी. रुंदी खिडकीपाशी दीड मिमी, बीमपाशी अर्ध्या मिमीहून कमी.’ रुंदी स्टीलच्या पट्टीने दोन-तीन ठिकाणी मोजा. दोन्ही टोकांना पेन्सिलची आडवी खूण करून तारीख घाला. पुढे तडा खुणेच्या पलीकडे गेला, तर तो वाढतोय हे भिंतच सांगेल. भिंतीच्या बाहेरच्या अंगालाही तो दिसतो का, तेही लिहा. पुट्टीआधीची स्थिती ‘आठवणीप्रमाणे’ म्हणून वेगळी लिहा. तेव्हा न मोजलेला आकडा आज घालू नका, उलटतपासणीत तोच अंगाशी येतो.

धोका आहे का, हे मी सांगू शकत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातला तिरका तडा बऱ्याचदा भिंतीपुरताच असतो. पण तो बीममध्ये किंवा कॉलममध्ये शिरला असेल, किंवा कॉलमवर सळईच्या रेषेत उभी चीर आणि गंजाचे डाग असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला लगेच बोलवा. नोटिशीत मात्र ‘स्ट्रक्चरल दोष’ एवढंच लिहून अडकू नका. त्याच कलमात कामाच्या दर्जातला दोषही येतो, म्हणून ‘बांधकामातील किंवा कामाच्या दर्जातील दोष’ असं लिहा.

नोटीस करारनाम्यातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा. महारेरात सुनावणीला किती महिने जातील ते मी सांगणार नाही, कारण ते आपल्या हातात नाही. आजचे फोटो काढा आणि स्वतःला ईमेल करून ठेवा.