पत्र हातात देण्याच्या आदल्या रात्री

ताई, मी हिंजवडीतल्या एका कंपनीत एचआर मॅनेजर आहे. गुरुवारी सकाळी अकराला एका सहकाऱ्याला सेवासमाप्तीचं पत्र हातात द्यायचंय. त्यांच्या कामात खोट नाही, पदच बंद झालंय. सहा वर्षं सात महिने नोकरी झाली त्यांची. काय बोलायचं याची आरशासमोर तालीम करते आणि रडू येतं. बुधवारची रात्र कशी काढू?
– बाणेरहून एक वाचक

आरसा राहू द्या, आधी पत्र घेऊन बसा. रडू आवरता येईल, पण पत्रातला चुकलेला आकडा त्या माणसाला घरी गेल्यावर सापडतो आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

सगळ्यात जास्त चूक ग्रॅच्युइटीत होते. हिशेब असा: ग्रॅच्युइटीसाठी धरायचा शेवटचा पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. समजा तो पगार 52,000 आहे, म्हणजे वर्षाला 30,000 झाले. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून त्यांची वर्षं सात आणि रक्कम 2,10,000. पत्रात 1,80,000 दिसले तर कोणीतरी सहाच वर्षं धरलीत. रात्रीच अकाउंट्सला फोन करा, सकाळी धावपळीत ते राहून जाईल. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यायची असते, उरलेला पगार मात्र कामाच्या दोन दिवसांत. नोटीस किती महिन्यांची, हे त्यांच्या नेमणूकपत्रातूनच बघा, आठवणीवर जाऊ नका. आणि पद बंद झालंय तर पत्रात तेच कारण हवं. ‘राजीनामा दिलात तर बरं दिसेल’ असं कोणी सुचवलं, तर ठाम नाही म्हणा.

मग आयटीला एक मेल टाका: लॉगिन अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद करा, त्याआधी नाही. साडेदहालाच बंद झालं तर नोकरी गेल्याचं त्यांना तुमच्याऐवजी स्क्रीनवरून कळेल.

आता बोलणं. पहिली दोनच वाक्यं कागदावर लिहा: ‘वाईट बातमी आहे. तुमचं पद कंपनीने बंद केलंय आणि आज तुमचा इथला शेवटचा दिवस आहे.’ हवापाणी, ट्रॅफिक असलं आधी काही नको; माणूस खुर्चीत सैलावतो आणि मग घाव दुप्पट बसतो. वाक्य संपलं की गप्प बसा. ती शांतता फार लांबते, घशाला कोरड पडते, आणि अशाच वेळी तोंडून ‘मलाही खूप त्रास होतोय’ निघून जातं. तेवढं गिळा. पाण्याचा ग्लास त्यांच्या बाजूला आधीच ठेवा.

सहीचा आग्रह धरू नका. सही फक्त ‘प्रत मिळाली’ याची आहे, ‘मान्य आहे’ याची नाही, हे त्यांना सांगा आणि प्रतीवर तसंच छापून घ्या. तरीही नाही म्हणाले, तर सोबतच्या सहकाऱ्यासमोर प्रतीवर तारीख-वेळ टाकून तशी नोंद करा, दोघांनी सह्या करा आणि त्याच दिवशी पत्र स्पीड पोस्टाने घरी पाठवा.

एक कोरा कागदही जवळ ठेवा. पीएफचं काय, विमा कधीपर्यंत, अनुभवपत्र कधी, हे त्यांना तिथे ऐकू जाणार नाही. त्या कागदावर तारखा आणि तुमचा मोबाइल नंबर स्वतःच्या हाताने लिहून द्या.