दुचाकी घासली, तर डेपोच्या अहवालात काय लिहायचं

भाऊ, पहिलाच अहवाल आहे, तर तीनच गोष्टी नीट सांभाळ.

पहिली म्हणजे जागा. ‘स्टॉपजवळ दुचाकी धडकली’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. असं लिही: ‘सकाळी 9:40, स्टॉपवरून उजवा इंडिकेटर देऊन बस निघत होती, पहिला गिअर. उजवीकडून पुढे जाणाऱ्या स्कूटरचं हँडल पुढच्या चाकामागच्या पत्र्याला घासलं. पत्र्यावर साधारण एक फूट ओरखडा, स्कूटरचा डावा आरसा तुटला.’ बसवर आधीचे ओरखडे असतील तर तेही वेगळे नोंदव, नाहीतर सगळे याच अपघाताच्या खात्यात जातात. गाड्या हलवण्याआधी फोटो काढ.

दुसरी, पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेव. ‘तो भरधाव आला’ हा अंदाज झाला. ‘आरशात पाहिलं तेव्हा स्कूटर दिसली नाही, आवाज आल्यावर ब्रेक मारला’ हे तुझ्या डोळ्याकानाचं आहे, आणि चौकशीत तेच टिकतं. वाहकाचं आणि एकदोन प्रवाशांचं नाव, फोन नंबर लगेच घे. पुढच्या स्टॉपवर ते उतरून जातात.

तिसरी चूक सर्वात महागात पडते: जागेवर पैसे देऊन मिटवणं आणि कळवायचंच नाही. खरचटलं असलं तरी आधी उपचार बघ. जखमी असेल आणि तिथे पोलीस नसतील, तर कायद्याने 24 तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवावं लागतं. कंट्रोलला मात्र तिथूनच फोन कर.

विमा, नुकसानभरपाई हे डेपो बघेल. अहवाल त्याच दिवशी, ड्यूटी सोडण्याआधी दे.